घरी गाडीचा वॉलबॉक्स बसवायचाय? साधा की स्मार्ट हे मीटरपाशी उभं राहून ठरवा

मी जळगावात वायरिंग आणि सोलरची कामं करतो. दोन-तीन वर्षांपासून इलेक्ट्रिक गाडीचे वॉलबॉक्स पण बसवतोय, आणि नवीन गाडी घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की भाऊ, साधा घेऊ का तो ॲपवाला स्मार्ट घेऊ. बहुतेकांना वाटतं फरक फक्त ॲपचा आहे, मोबाईलवर चालू-बंद करता येतं, किती युनिट गेले ते दिसतं वगैरे. ते सगळं ठीक आहे, पण त्यासाठी जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही, कारण बहुतेक गाड्यांच्या स्वतःच्या ॲपमधे किंवा स्क्रीनवर टायमर आणि युनिट दोन्ही असतातच. स्मार्ट बॉक्सचं खरं काम वेगळंच आहे, ते म्हणजे घरात बाकी काय चालू आहे ते बघून गाडीला कमी-जास्त करंट देणं. तुमच्या घराला त्याची गरज आहे का, हे ठरवलं की निम्मा निर्णय झाला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. भिंतीवरचा बॉक्स हा चार्जर नाहीच. चार्जर गाडीच्या आत असतो, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात, एसीचं डीसी तो करतो. भिंतीवरचा बॉक्स म्हणजे एक सुरक्षित स्विच, आणि तो गाडीला सांगतो की बाई तू जास्तीत जास्त एवढे अँपिअर ओढ. हे सांगायला केबलमधे एक बारीक वेगळी तार असते, तिच्यावरून सिग्नल जातो आणि गाडी तो पाळते. साध्या बॉक्समधे हा आकडा एकदाच सेट होतो, आतल्या एका छोट्या स्विचने किंवा नॉबने, बहुतेक १०, १६ किंवा ३२ अँपिअर. स्मार्ट बॉक्स हाच आकडा दर काही सेकंदाला बदलू शकतो. अजून एक नियम लक्षात ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे: ६ अँपिअरच्या खाली हा सिग्नल जातच नाही. म्हणजे गाडी एकतर ६ किंवा त्याहून जास्त ओढणार, नाहीतर थांबणार.

पहिलं काम: बिल काढा, मीटरपाशी जा

महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, किलोवॅटमधे. सिंगल फेज घर असेल तर किलोवॅटला हजाराने गुणा, २३० ने भागा, अँपिअर मिळतात. ५ किलोवॅट असेल तर साधारण २१-२२ अँपिअर. मग मीटरनंतरचा मेन एमसीबी बघा, त्याच्यावर सी ३२, सी ४० असं छापलेलं असतं. दोन्हीतला लहान आकडा तुमची हद्द. शोरूममधे "७ किलोवॅटचा चार्जर गाडीसोबत फ्री" म्हणतात, तो एकटाच ३२ अँपिअर मागतो. ५ किलोवॅटच्या घरात ७ किलोवॅट कुठून आणणार? हे तिथे कोणी सांगत नाही, बसवायला माणूस येतो तेव्हा कळतं, आणि कधीकधी तो पण न सांगता बसवून जातो.

वेगळं मीटर घ्यावंच लागतं असा एक गैरसमज आहे. स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज करायला घरचंच कनेक्शन चालतं, घरगुती दरानेच बिल येतं. फक्त घरगुती दराचे स्लॅब असतात, गाडीचे युनिट वर चढले की वरच्या स्लॅबमधे जाल, तो हिशोब आधीच धरून ठेवा.

दुसरं काम: रोज किती युनिट लागतात ते काढा

इथे लोक फार घाबरतात आणि गरजेपेक्षा मोठा बॉक्स घेतात. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याचशा गाड्या एका युनिटला ६ ते ८ किलोमीटर जातात, आपण ७ धरू. भिंतीतून जेवढे युनिट जातात त्यातले दहा-बारा टक्के वाटेत उष्णतेत जातात. रोज गावातल्या गावात ४०-५० किमी चालवणाऱ्याला भिंतीतून ८ युनिट पुरे झाले. आता सगळ्यात कमी म्हणजे ६ अँपिअर घ्या, २३० व्होल्टला ते झाले जवळजवळ १.४ किलोवॅट, रात्री ८ तास लावली तर ११ युनिट. म्हणजे जो सगळ्यात हळू वेग आहे तोसुद्धा या माणसाला पुरून उरतो. करंट फार कमी असला की वाटेतलं नुकसान थोडं वाढतं म्हणून मी मुद्दाम ६ वर ठेवायला सांगत नाही, १० वर ठेवा, पण ३२ लागतच नाही हे बघा.

तिसरं काम: रात्रीचा आणि पहाटेचा भार मोजा

हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, त्याच्याकडे क्लॅम्प मीटर असतो. मेनच्या फेज वायरवर लावायचा, रात्री दहाला एकदा बघायचं आणि पहाटे पाच-साडेपाचला एकदा. अंदाजाने सांगू नका, कारण पहाटेचा आकडा ऐकून घरातली माणसंच चकित होतात.

चोपड्याचं एक घर सांगतो म्हणजे कळेल. नात्यातले आहेत, आम्ही आप्पा म्हणतो. त्यांचा मुलगा रोज जळगावला नोकरीला येतो, जाऊन-येऊन आणि मधली फिरफिर धरून ११० किमी. म्हणजे बॅटरीत १६ आणि भिंतीतून साधारण १८ युनिट रोज. घर सिंगल फेज, मंजूर भार ५ किलोवॅट, मेन एमसीबी ३२ चा. गाडीसोबत आलेला साधा बॉक्स बसवणाऱ्याने १६ अँपिअरवर सेट करून दिला आणि गेला. थंडीत काही झालं नाही. एप्रिल लागला, दोन खोल्यांचे एसी सुरू झाले, आणि एके दिवशी सकाळी आप्पांचा फोन, "रातले लाइट गयी ना भो, आख्ख्या घरनी गयी, गाडी चार्जच नही व्हयनी." लाइट महावितरणची गेलीच नव्हती, घरातला मेन पडला होता.

मी जाऊन मोजलं. रात्री दहाला एक एसी, फ्रीज, पंखे, टीव्ही मिळून १० अँपिअर. यात गाडीचे १६ घातले की २६, मंजूर भाराच्या वर गेलं पण ३२ चा मेन ते सोसतो. खरी अडचण पहाटेची. त्यांच्याकडे नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो आणि वेळ पक्की नाही, कधी चारला कधी पाचला. नळ आला की टाकीवर पाणी चढवायला एक एचपीची मोटार, ५ अँपिअर. पाणी आलंच आहे तर अंघोळी उरकून घ्या म्हणून गीझर, ९ अँपिअर. एसी अजून चालूच, ७. फ्रीज-पंखे ३. झाले २४, त्यात गाडीचे १६ मिळवले की ४०. ३२ चा एमसीबी ४० वर लगेच नाही पडत, बराच वेळ तापतो आणि मग पडतो, म्हणून कोणाला मोटार आणि गाडीचा संबंध लक्षातच येत नव्हता. मेन पडला की गाडी पण थांबते, आणि मेन उचलायला सगळे उठेपर्यंत निघायची वेळ झालेली.

आता इथे साध्या बॉक्सने भागलं असतं का? बघू. १० अँपिअरवर सेट केला तर रात्रीचे १० आणि गाडीचे १०, बरोबर २०, मंजूर भारात बसतं. १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट, १८ युनिटला ८ तास. रात्री साडेनऊला लावली तर पहाटे साडेपाचला पूर्ण. पण नळ चारला आला तर २४ आणि १० मिळून ३४, परत मेनच्या वर, आणि मंजूर भाराच्या तर कितीतरी वर. गाडीच्या टायमरने चारला बंद केली तर तीन-साडेतीन युनिट कमी पडतात, म्हणजे वीसेक किलोमीटर. एक दिवस चालतं, रोज चालत नाही. हाच मुलगा रोज ५० किमी जात असता तर मी डोळे झाकून सांगितलं असतं की साधाच ठेवा, १० वर सेट करा, रात्री दहा ते दोन टायमर लावा, विषय संपला.

त्यांच्या घरात भार घट्ट आहे, गरज जास्त आहे आणि पहाटेची वेळ हातात नाही, हे तिन्ही एकत्र आलं म्हणून स्मार्ट बॉक्स लागला. तिन्हीतली एखादी गोष्ट सैल असेल तर साध्याने काम होतं, माझं सरळ मत आहे.

स्मार्ट बसवल्यावर घराची हद्द २० अँपिअर टाकली. आता दहाला गाडीला १० मिळतात. अकरानंतर टीव्ही बंद, एसीचा कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो, घराचा भार सरासरी ६ वर येतो, गाडीला आपोआप १४ मिळतात. हिशोब लावला तर साडेतीनच्या आसपास १८ युनिट पूर्ण होतात. त्याआधी मोटार चालू झाली तर गाडी ९ वर उतरते, त्यात गीझर लागला की २० पैकी काही उरतच नाही म्हणून गाडी थांबते आणि गीझर बंद झाला की पुन्हा चालू होते. कोणाला उठावं लागत नाही.

स्मार्ट घेत असाल तर सीटी आहे का तेच आधी विचारा

घराचा भार बॉक्सला कळतो तो एका छोट्या क्लॅम्पमुळे, त्याला सीटी म्हणतात, करंट ट्रान्सफॉर्मर. मीटरनंतरच्या मेन वायरभोवती तो कडीसारखा बसतो आणि त्याची बारीक तार बॉक्सपर्यंत जाते. काही कंपन्या "स्मार्ट" म्हणून जो बॉक्स विकतात त्यात वायफाय असतं, ब्लूटूथ असतं, आरएफआयडी कार्ड असतं, पण सीटी नसतोच, किंवा वेगळा विकत घ्यावा लागतो. सीटी नाही तर घराचा भार त्याला दिसत नाही, मग तो आपल्या कामाचा नाही. दुकानात एकच प्रश्न विचारा, घराचा एकूण करंट बघून गाडीचा कमी होतो का आणि त्याचा सीटी डब्यात आहे का. उत्तर गोल-गोल आलं तर पुढे चला.

बसवताना एक चूक मी स्वतःच्या डोळ्याने तीनदा तरी पाहिली आहे. क्लॅम्प फक्त फेजच्या वायरवर लावायचा असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकाला मारतात आणि सीटी शून्य दाखवतो. मग बॉक्सला वाटतं घरात काहीच चालू नाही आणि तो गाडीला बिनधास्त पूर्ण करंट देतो. म्हणजे पैसे स्मार्टचे दिले आणि वागणूक साध्यापेक्षा वाईट. क्लॅम्पवर एक बाण असतो, तो कंपनीच्या कागदावर दाखवलेल्या दिशेलाच हवा, घरी सोलर असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण उलटा बसला की वीज बाहेर जातेय का आत येतेय तेच त्याला उलटं कळतं.

म्हणून बसवणारा माणूस घरात असतानाच ही परीक्षा घ्या. गाडी लावा, ॲपमधे गाडीचा करंट उघडून ठेवा, मग गीझर चालू करा. थोड्याच वेळात गाडीचा आकडा खाली आला पाहिजे. गीझर बंद करा, आकडा वर गेला पाहिजे. नंतर सीटीची बारीक तार बॉक्समधून काढायला सांगा. चांगला बॉक्स लगेच ६ वर येतो किंवा थांबतो आणि चूक दाखवतो. तार काढल्यावरही तो पूर्ण वेगाने चालूच राहिला तर तो बॉक्स परत करा, कारण उद्या उंदराने तीच तार कुरतडली तर तुम्हाला कळणार पण नाही.

तशीच अजून एक परीक्षा: वायफाय बंद करून बघा. आपल्याकडे लाइट गेली-आली की राउटर उभा राहायला वेळ लागतो, खेड्यात तर रेंजचाच भरवसा नाही. भार वाटण्याचं काम बॉक्सने स्वतःच्या आत केलं पाहिजे, त्याला इंटरनेट लागता कामा नये. आणि लाइट परत आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होतं का, का पुन्हा कार्ड दाखवावं लागतं किंवा ॲपमधे बटण दाबावं लागतं? रात्री दोनला लाइट आली तर बटण दाबायला कोण उठणार. ही सेटिंग बऱ्याच बॉक्समधे असते, फक्त ती चालू करून घ्यावी लागते. साध्या बॉक्सचा इथे मोठा फायदा आहे, त्यातल्या बहुतेकांना लाइट आली की झालं, काही विचारत नाहीत.

घरात दोन गाड्या असतील तर

आप्पांच्या पुतण्याने पण पुढे गाडी घेतली, मग प्रश्न आला की दुसरा बॉक्स लावून भार दोघांत वाटता येईल का. वाटता येतो, दोन स्मार्ट बॉक्स एकमेकाला तारेने जोडतात, एक मुख्य असतो आणि उरलेला करंट तो दोघांत वाटतो. एकच गाडी लावलेली असेल तर सगळा तिला, एक पूर्ण झाली की दुसरीला. पण ते दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकमेकांशी बोलणारे लागतात, आज एकाचा आणि उद्या दुसऱ्याचा घेतला तर जमेलच असं नाही. दुसरी गाडी येणार हे आत्ताच माहीत असेल तर पहिला बॉक्स घेतानाच हे विचारून ठेवा.

आता इथे तो ६ अँपिअरचा नियम आठवा. रात्री दहाला आप्पांच्या घरात गाडीसाठी १० उरतात. दोघांत वाटले तर ५-५, आणि ५ वर कोणतीच गाडी चालत नाही. म्हणजे १२ च्या खाली असताना एकच गाडी चार्ज होणार, दुसरी पाळी बघत बसणार. अकरानंतर १४ मिळतात तेव्हा ७-७ ने दोन्ही चालतात, पण ७ म्हणजे १.६ किलोवॅट, पहाटेपर्यंत दोघांची गरज भागत नाही. रात्रभरात या घरातून गाड्यांना फार तर २२-२३ युनिट मिळतात, ते कोणत्याही बॉक्सने वाढणार नाहीत. भार वाटणं म्हणजे आहे ते नीट वापरणं, त्याने नवीन वीज येत नाही. म्हणून त्यांना मी सांगितलं की दुसरी गाडी पण रोज लांब जाणार असेल तर आधी वाढीव भाराचा अर्ज करा आणि थ्री फेज घ्या, बॉक्सचं नंतर बघू.

थ्री फेजबद्दल पण एक गोष्ट. थ्री फेज १० किलोवॅट मिळालं म्हणजे ३२ अँपिअरचा सिंगल फेज बॉक्स आरामात चालेल असं लोक धरून चालतात. १० किलोवॅट तिन्ही फेजवर सारखं वाटलं तर एका फेजला १४-१५ अँपिअरच येतात. आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा ऑनबोर्ड चार्जर सिंगल फेजच आहे, त्यांना २२ किलोवॅटचा थ्री फेज बॉक्स लावला तरी त्या ७ किलोवॅटच घेणार, आणि तेही एकाच फेजवरून. दोन गाड्या असतील तर दोन बॉक्स वेगवेगळ्या फेजवर टाका, मोटार आणि गीझर तिसऱ्यावर, आणि स्मार्ट असेल तर तिन्ही फेजवर तीन सीटी, प्रत्येक आपापल्या जागी. सीटी एक आणि दोनची अदलाबदल झाली तर मोटार एका फेजवर चालू होते आणि गाडी भलत्याच फेजची कमी होते. गीझरची वरची परीक्षा इथे प्रत्येक फेजसाठी वेगळी घ्यायची.

सोलर असणाऱ्यांना एवढंच सांगतो, नेट मीटर असेल आणि दिवसा बाहेर दिलेले युनिट बिलात पूर्ण वळते होत असतील, तर "फक्त सोलरवर चार्ज करा" या फीचरसाठी जास्त पैसे देऊ नका.

केबल बॉक्सलाच जोडलेली की सुटी

दोन प्रकार येतात. एकात केबल बॉक्समधूनच बाहेर आलेली असते, टोकाला टाइप २ गन, घरी आलो, ओढली, लावली. दुसऱ्यात बॉक्सला फक्त सॉकेट असतं, केबल तुमची, दोन्ही टोकाला प्लग, काम झालं की काढून डिक्कीत.

रोज लावायची असेल आणि गाडी घराच्या आत किंवा शेडखाली असेल तर मी जोडलेलीच घ्यायला सांगतो. रोज रात्री डिक्कीतून जड केबल काढायची, दोन्हीकडे लावायची, सकाळी गुंडाळून ठेवायची हे पहिले आठ दिवस होतं, नंतर माणूस कंटाळतो आणि मग गाडी एखाद्या दिवशी लावायचीच राहते. पण गाडी रस्त्याच्या कडेला, कंपाउंडबाहेर लागत असेल, किंवा बॉक्स उघड्यावर असेल, तर सॉकेटवाला बरा. लोंबती केबल चोरीला जाते, गुरं तिच्यात पाय अडकवतात, आणि उंदीर-खारींचं तर काही सांगूच नका. सुटी केबल खराब झाली तर नवीन आणता येते, जोडलेली खराब झाली तर कंपनीचा माणूस येईपर्यंत बॉक्स बंद. शिवाय सुटी केबल बाहेरच्या टाइप २ सॉकेटच्या एसी पॉइंटवर पण चालते.

लांबी कशी ठरवायची? नुसती भिंतीपासून गाडीपर्यंत मोजू नका. कुणाचा चार्जिंगचा पोर्ट नाकात असतो, कुणाचा मागच्या चाकाच्या वर. गाडी सरळ लावून एकदा आणि उलटी लावून एकदा, दोरी घेऊन बॉक्सच्या जागेपासून जमिनीवरून आणि गाडीच्या कडेने वळवत पोर्टपर्यंत मोजा, मग एक मीटर जास्त धरा. ५ मीटर बऱ्याच घरांना पुरते, पाहुण्याची किंवा दुसरी गाडी मागे लागत असेल तर ७ घ्या. मधे एक्स्टेन्शन लावायचं नाही, अजिबात नाही. आणि उरलेली केबल घट्ट वेटोळं करून हुकावर टांगलेली असताना ३२ अँपिअरवर चार्ज करू नका, आतली वेटोळी तापतात, सैल मोकळी सोडा.

सुटी केबल स्वस्तात ऑनलाइन मागवली तर तिच्यावरचे अँपिअर वाचा. प्लगच्या आत एक छोटा रेझिस्टर असतो, त्यावरून बॉक्स ओळखतो की ही केबल २० अँपिअरची आहे का ३२ ची. २० ची केबल लावली तर बॉक्स ३२ चा असला तरी २० च मिळणार, आणि लोक बॉक्सला दोष देत बसतात. सॉकेटवाल्या बॉक्समधे चार्जिंग चालू असताना प्लग लॉक होतो, तेव्हा घेताना हे पण विचारा की मधेच लाइट गेली तर लॉक सुटतो ना. नाहीतर सकाळी लाइट नाही आणि केबल भिंतीला अडकलेली.

वायर, एमसीबी, अर्थिंग

हे साध्याला पण लागतं आणि स्मार्टला पण, इथे पैसे वाचवू नका. मेनपासून बॉक्सपर्यंत स्वतंत्र लाइन, तांब्याची, मधे दुसरं काही जोडलेलं नको. १६ अँपिअरला ४ स्क्वेअर एमएम, ३२ ला मी १० च घालतो. पुस्तकात ६ पण चालते, पण ते पुस्तक जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातलं नाही. एमसीबीचं पण तसंच आहे, तो ३० अंशाला तपासलेला असतो, आपल्याकडे पत्र्याच्या डब्यात पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी ५५-६० अंश होतात. ३२ अँपिअर सलग काही तास चालणार असेल तर ३२ चा एमसीबी तिथे निष्कारण पडतो. ४० चा घाला आणि वायर त्याला शोभेल अशी घाला, म्हणून १०. बॉक्स सुद्धा उन्हात नको, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर किंवा शेडखाली, कारण आतून तापला की चांगले बॉक्स स्वतःच करंट कमी करतात आणि मग रात्रीच्या हिशोबाची वाट लागते.

घरात आधीच आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे म्हणून त्याच्यावरच बॉक्स टाकू नका. घरचा बहुतेक वेळा एसी टाइपचा, म्हणजे फक्त एसी करंटची गळती ओळखणारा असतो, गाडीच्या बिघाडात थोडा डीसी गळाला तर तो आंधळा होतो आणि खऱ्या शॉकच्या वेळी पडत नाही. बॉक्सच्या आत ६ मिलीअँपिअर डीसी गळती पकडायची सोय आहे का ते कागदावर बघा. असेल तर बाहेर ३० मिलीअँपिअरचा ए टाइप पुरतो, नसेल तर बी टाइप लागतो आणि तो चांगलाच महाग आहे, म्हणून स्वस्त बॉक्स घेताना हा खर्च धरूनच तुलना करा.

अर्थिंगची तक्रार मला सगळ्यात जास्त येते. बॉक्स लाल दिवा दाखवतो, अर्थ फॉल्ट लिहितो, आणि लोक म्हणतात बॉक्स खराब निघाला. बॉक्स बरोबर असतो. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरते तेव्हा अर्थिंग झकास असतं, आणि मार्च-एप्रिलला तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाइपभोवतीची माती त्याला सोडून मागे सरकते आणि अर्थिंग नावालाच उरतं. बॉक्ससाठी वेगळा खड्डा करा, त्यात पाणी टाकायला वर फनेल ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी टाका. अर्थ टेस्टरने ५ ओहमच्या आत यायला पाहिजे, आणि हे पावसाळ्यात मोजलेलं धरू नका, एप्रिलमधे मोजा. साध्या मल्टीमीटरने पण अंदाज येतो, इलेक्ट्रिशियनला गाडी चार्ज होत असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधे व्होल्ट बघायला सांगा. दोन-तीन व्होल्ट ठीक, दहा-पंधरा दिसले तर न्यूट्रल किंवा अर्थिंग दोन्हीपैकी काहीतरी सैल आहे.

सगळं बसवून झालं की त्या पहिल्या रात्री एक तास गाडी पूर्ण करंटवर चालू द्या आणि मग डब्याचं झाकण न उघडता एमसीबीच्या तोंडावर हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट असेल तर बरोबर आहे. हात ठेववत नसेल किंवा प्लॅस्टिकचा वास येत असेल तर स्क्रू सैल आहे किंवा तारेचं टोक नीट बसलेलं नाही, मेन बंद करा आणि त्याच माणसाला परत बोलवा. गीझर पंधरा मिनिटं चालतो म्हणून सैल स्क्रू वर्षानुवर्षं खपून जातो, गाडी रोज रात्री सहा-सात तास तोच करंट ओढते, ती पहिल्याच महिन्यात तो जाळते. आप्पांकडे मेनमधला न्यूट्रलचा स्क्रू असाच निघाला होता, तारेवरचं प्लॅस्टिक बोटभर तपकिरी झालेलं. तेवढा भाग कापून लग लावला आणि स्क्रू आवळला, तेव्हा न्यूट्रल-अर्थचे ९ व्होल्ट दीडवर आले.